ग्राउंडेड थिअरी: पुढची मुलाखत कोणाची, हे मेमोवरून कसं ठरवता?

मलप्रभाकाठ

नमस्कार. समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी बोलणाऱ्या घरांत कन्नडमधून येणारे सरकारी कागद कसे हाताळले जातात. जमिनीचा उतारा, वारसा लावताना येणारी नोटीस, पेन्शनचा कागद, बँकेचं पत्र, असे सगळे. कागद घरात आल्यापासून त्यावर सही होईपर्यंत माणसं नेमकं काय काय करतात, हे मला समजून घ्यायचं आहे. पद्धत ग्राउंडेड थिअरी, म्हणजे मुलाखतींच्या तुलनेतूनच सिद्धांत घडवत नेणं.

नंदगड आणि जांबोटीच्या बाजूच्या गावांतल्या सुरुवातीच्या मुलाखती झाल्या. त्या ओळीओळीने कोड केल्या, म्हणजे ओळीत माणूस काय करतोय त्याला नाव दिलं. सगळ्यांत जास्त भरलेला कोड आहे ‘दुसऱ्याकडून वाचून घेणे’. नातवाकडून, शेजाऱ्याकडून, झेरॉक्सवाल्याकडून, एजंटाकडून, कागद लिहून देणाऱ्या बाँड रायटरकडून. त्याखाली मुलाखतींतले तुकडेच तुकडे जमलेत आणि पुढे काही सुचत नाही.

गाईड म्हणतात, आता थिऑरेटिकल सॅम्पलिंग कर, म्हणजे पुढे कोणाला भेटायचं ते आतापर्यंतच्या विश्लेषणाच्या मेमोंवरून ठरव. विद्यापीठाच्या समितीला मात्र आजच यादी हवी आहे: किती माणसं, कुठली, बाया किती, पुरुष किती. मेमो म्हणून माझ्याकडे आहे ती रोजची डायरी. कुठे गेले, कोण भेटलं, घरात कोण कोण बसलं होतं, हे त्यात आहे. यातून पुढची मुलाखत कोणाची, हे कसं काढायचं? ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केलंय त्यांनी सांगावं.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो. तुमची गावं एकाच पट्ट्यातली आहेत, ही मूळ अडचण दिसते. तालुक्यातल्या गावांची यादी घ्या, लोकसंख्येनुसार थर पाडा, प्रत्येक थरातून चिठ्ठी टाकून गावं निवडा आणि गावातून मतदारयादीवरून माणसं. शंभरेक मुलाखती झाल्या तर तालुक्याबद्दल काही म्हणता येईल. आत्ता आहे त्यावरून एखाद्या गावाबद्दलही म्हणता येणार नाही.

चिकोडी_रोड

शंभर कशाला? बारा पुरतात. त्यावर अभ्यास झालेला आहे, बाराव्या मुलाखतीनंतर नवीन काही निघत नाही. एमफिलला आम्ही तेच लिहिलं होतं आणि मान्य झालं. समितीला बारा सांगा. कोड किती वेळा आला ते सॉफ्टवेअर मोजून देतं, जो जास्त वेळा येतो ती तुमची मुख्य कॅटेगरी.

जुनी_वही

मलप्रभाकाठ, सॅम्पलिंगचं उत्तर तुमच्या त्या भरलेल्या कोडमध्येच आहे, म्हणून आधी तो उघडू या. ‘दुसऱ्याकडून वाचून घेणे’ याखालचे दोन प्रसंग इथे टाका. नाव-गाव गाळून, लोकांच्या शब्दांत. दोघे शक्य तितके वेगळे हवेत. मग बोलू.

आकडेमोड, तुमची पद्धत ‘किती घरं एजंटाकडे जातात’ या प्रश्नाला बरोबर आहे. इथला प्रश्न ‘हे चालतं कसं आणि कशाने बदलतं’ असा आहे. तिथे गावं चिठ्ठीने निवडून काही हाती लागत नाही, कारण कुठला फरक महत्त्वाचा आहे हेच अजून माहीत नाही. वय? शिक्षण? कागदाचा प्रकार? थर कशावर पाडणार?

चिकोडी_रोड, तो बाराचा अभ्यास 2006 चा. घाना आणि नायजेरियातल्या साठ स्त्रियांच्या मुलाखतींवरचा. स्त्रिया बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या, सगळ्यांना प्रश्नही साधारण तेच विचारले होते. त्यात पहिल्या बारा मुलाखतींत बहुतेक कोड येऊन गेले, एवढंच दिसलं. नवे कोड यायचे थांबणं वेगळं, आणि कॅटेगरीचे कंगोरे भरणं वेगळं. मलप्रभाकाठ यांच्याकडे नवे कोड यायचे आताच थांबलेत, आणि थिअरीचा अजून पत्ता नाही. त्यांची अडचण तीच तर आहे.

मलप्रभाकाठ

हे दोन घ्या.

पहिला. सत्तरीचे शेतकरी. भावाच्या वारसाची नोटीस आली. नातू कन्नड शिकतोय शाळेत, त्याच्याकडून वाचून घेतली. त्यांचे शब्द: “नातू वाचतोय बघा फाडफाड. पण त्याला काय कळतंय त्यातलं? शेवटी एजंटाकडंच जायचं.” आणि ते गेले.

दुसरा. पन्नाशीच्या बाई, नवरा वारलेला. पेन्शनचा कागद होता. त्या थेट बाँड रायटरकडे गेल्या, सोबत शेजारीण. म्हणाल्या: “मी वाचा म्हणतच न्हाई. सही कुठं करू तेवढं इच्यारते. ही संगं असली म्हंजे बरं.”

जुनी_वही

सोनं आहे हे. आता दोन्ही शेजारी ठेवून एकच विचारा: हे दोघं एकच गोष्ट करतायत का?

आजोबांनी कागद वाचून घेतला. वाचणारा घरचा, फुकटचा, विश्वासाचा. तरी काम झालं नाही. म्हणजे त्यांना वाचून मिळणं हवं होतं, पण तेवढ्याने भागलं नाही. बाईंनी तर कागद वाचूनच घेतला नाही. तुमच्या कोडचं नाव त्यांना लागूच पडत नाही. त्यांनी काय केलं? सही करायची जागा विचारली आणि सोबत एक माणूस नेलं. ती शेजारीण कन्नड वाचते का?

मलप्रभाकाठ

नाही. तिला वाचताच येत नाही, कुठलीही भाषा.

जुनी_वही

मग ती तिथे काय करत होती? या प्रश्नाशी आला की हातातलं काम थांबवा आणि मेमो लिहा. त्या क्षणी, अर्धामुर्धा, चुकीच्या व्याकरणातला चालेल. मुलाखतीचं कोडिंग तसंच राहू द्या. ही पद्धत मांडणाऱ्या ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोघांचाही यावर फार जोर होता, आणि पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी यावर दुमत नव्हतं. विचार आला की आधी तो कागदावर, कोडिंग नंतर.

तुमची डायरी जपून ठेवा, ती लागेल. पण डायरीत माणसं असतात. मेमोत कॅटेगरी असते. ‘आज अमक्या बाईंकडे गेले’ ही डायरी. ‘वाचता न येणारी सोबतीण कागदाच्या कामात काय भर घालते’ हा मेमो. मी विद्यार्थ्यांना सांगायचो की मेमोला माणसाचं किंवा गावाचं नाव देऊ नका, कृतीचं द्या. मथळा सुचत नसेल तर तुलना अजून झालेली नाही असं समजा.

लिहा आणि इथे टाका. सुबक करू नका.

निपाणी_सिस्टर

मध्येच माझं विचारते. मी नर्सिंगमध्ये एमएस्सी केलं. निपाणीत विडी वळणाऱ्या बायका खोकला कधी अंगावर काढतात आणि दवाखान्यात कधी येतात, हा माझा विषय. आम्हाला परवानगी ठरावीक मुदतीचीच मिळते. सगळ्या मुलाखती एकदम घ्याव्या लागल्या, विश्लेषण नंतर. परीक्षक म्हणाले, हे ग्राउंडेड थिअरी नाही, कारण थिऑरेटिकल सॅम्पलिंग झालेलं नाही. आता त्यावरून लेख लिहायचा आहे. परत फील्डवर जाता येणार नाही. मग काय करायचं?

जुनी_वही

सिस्टर, परीक्षकांचा मुद्दा बरोबर आहे, पण दार पूर्ण बंद नाही. जमलेल्या मुलाखतींमध्येही थिऑरेटिकल सॅम्पलिंग करता येतं. समजा तुमची कॅटेगरी निघाली ‘मजुरी बुडेल म्हणून थांबणे’. मग जमलेल्या मुलाखतींतून मुद्दाम त्या शोधा जिथे मजुरी बुडण्याची भीती होती तरी बाई लवकर आली, आणि ज्यात भीती नव्हती तरी उशीर झाला. त्यांच्यापाशी थांबून तुलना करा, मेमो लिहा, मग त्या मेमोने जिकडे बोट दाखवलं ती मुलाखत उघडा. सगळ्या मुलाखती क्रमाने कोड करत जाण्यापेक्षा हे फार वेगळं पडतं.

मर्यादा अशी की जे विचारलंच नव्हतं ते आता सापडणार नाही. मुकादमाने बायकांना काय सांगितलं, हा प्रश्न नंतर सुचला आणि मुलाखतीत मुकादम कुठे आलाच नसेल, तर ती बाजू रिकामी राहणार. लेखात ते तसंच लिहा. आणि कामाला ‘ग्राउंडेड थिअरी’ म्हणण्याऐवजी ‘कॉन्स्टंट कम्पॅरिझन वापरून केलेलं विश्लेषण’ म्हणा. बरेच परीक्षक त्यावर समाधानी होतात.

शहापूर_पेठ

मला यातलं शास्त्र कळत नाही. वडिलांचं कागद लिहायचं दुकान होतं, म्हणून लिहितो. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं कन्नडच होती. घरची भाषा कन्नड, शाळा कन्नड, कागद वाचता यायचा. तरी यायची. उतारा समोर ठेवायची आणि म्हणायची, हे बघा आणि सांगा काय करायचं. त्यामुळे मराठी माणसाला कन्नड येत नाही म्हणून तो एजंटाकडे जातो, हे ताईंचं गृहीतक मला अर्धंच वाटतं.

जुनी_वही

मलप्रभाकाठ, हा प्रतिसाद पुन्हा एकदा वाचा.

खानापूरची_माती

मी हा प्रतिसाद वाचला आणि मला तो अजिबात पटलेला नाही. आमच्या गावात माझ्या आईला आलेली नोटीस तिला वाचता आली नाही, हरकतीची मुदत निघून गेली. ही भाषेचीच गोष्ट आहे. ‘सगळ्यांचं सारखंच असतं’ असं म्हणत तुम्ही संशोधनाच्या नावाखाली इथल्या माणसांचं मूळ दुखणं पुसून टाकाल. ताई, कृपा करून असं होऊ देऊ नका.

मलप्रभाकाठ

खानापूरची_माती, मी त्याच तालुक्यातली आहे. हे विसरून काम करणार नाही.

सगळ्यांच्या सांगण्यावर बसून लिहिलेला मेमो टाकते.

> मेमो: सही एकट्याने न करणे
>
> आजोबा आणि पेन्शनवाल्या बाई, दोघांना मी एकाच कोडखाली ठेवलं होतं. वाचून घेणं दोघांत समान नाही. समान आहे ते असं की सही करताना दोघंही एकटे नाहीत. आजोबांकडे एजंट, बाईंकडे बाँड रायटर आणि शेजारीण. शेजारीण वाचत नाही, पण ‘काय सांगितलं होतं’ याची साक्षीदार आहे. उद्या बिघडलं तर “आम्ही दोघी होतो” म्हणता येतं.
>
> मग नातू का पुरला नाही? नातू वाचतो, पण उद्या काही झालं तर त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. एजंटाकडे येतं. एजंटाला दिलेले पैसे वाचण्याचे आहेत, की अंगावर घेण्याचे?
>
> पहिल्या मुलाखतींतलं आठवलं: एक गृहस्थ ओळखीच्या शिक्षकाकडून नेहमी वाचून घ्यायचे, पण जमिनीचा कागद त्यांना दाखवला नाही. “त्यांना कशाला गुंतवायचं.” हाही अंगावर घेण्याचाच भाग.
>
> म्हणजे दोन कामं आहेत: वाचणे आणि अंगावर घेणे. एकच माणूस दोन्ही करेल असं नाही.
>
> माहीत नसलेलं: ज्याला कन्नड वाचता येतं तो काय करतो? वाचण्याचं काम त्याचं त्यानेच केलं, तर अंगावर घेणारा माणूस तरीही लागतो का? लागत असेल तर माझी मुख्य गोष्ट भाषा नाही. लागत नसेल तर खानापूरची_माती म्हणतात ते बरोबर.
>
> पुढे: कन्नड नीट वाचणारे, जमिनीचा कागद ज्यांना अलीकडे आला असे. एक मराठी घरातला, एक कन्नड घरातला. आणि कमी धोक्याचा कागद, उदाहरणार्थ वीजबिल. तिथेही सोबत नेतात का?

जुनी_वही

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मेमोच्या शेवटच्या परिच्छेदात आलं आहे. पुढची मुलाखत कोणाची, हे तुम्ही ठरवलंत, आणि ‘का’ हेही लिहिलंत. प्रबंधात हाच मेमो दाखवून सांगायचं की अमुक तुलनेतून ही निवड झाली.

ग्लेझर-स्ट्रॉसनी दवाखान्यांमधल्या मरणासन्न रुग्णांवर काम केलं, ते अशाच रीतीने पुढे गेलं. रुग्णाला आपण मरणार हे माहीत असतं की नसतं, यावर भोवतालच्यांचं वागणं कसं बदलतं, हा त्यांचा विषय. आधी ते अशा वॉर्डांत गेले जिथे रुग्णाला काही कळायची शक्यताच कमी, म्हणजे अपुऱ्या दिवसांची बाळं, बेशुद्ध रुग्ण. मग अतिदक्षता विभाग, जिथे मरण अपेक्षित आणि झटपट. मग कॅन्सर वॉर्ड, जिथे अपेक्षित पण संथ. मग तातडीचा विभाग, जिथे अनपेक्षित आणि झटपट. हॉस्पिटलं कुठली, रुग्ण किती, यावर निवड झालेली नाही. ‘माहीत असणं’ आणि ‘वेग’ या दोन गोष्टी कुठे बदलतील, यावर झाली. तुमचं ‘वाचता येणं’ आणि ‘कागदाचा धोका’ हे तसंच आहे.

दोन गोष्टी सांभाळा. एक, नव्या माणसांना प्रश्नही नवे विचारा. ‘कागद आला तर काय करता’ हा आता फार रुंद प्रश्न झाला. ‘शेवटची सही केलीत तेव्हा बाजूला कोण होतं, आणि त्याला का नेलंत’ असं विचारा. जुन्या माणसांकडेही परत जा. पेन्शनवाल्या बाईंना शेजारणीबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. थिऑरेटिकल सॅम्पलिंग म्हणजे दर वेळी नवा माणूस असं नाही, जुन्या माणसाला नवा प्रश्न हेही त्यातच येतं.

दुसरी, शहापूर_पेठ यांनी इथे लिहिलं ते डेटा म्हणून वापरू नका. त्यांनी ते संशोधनासाठी दिलेलं नाही. त्यावरून सुचलेला प्रश्न मात्र तुमचा.

शहापूर_पेठ

माझी हरकत नाही, पण ठीक आहे, नियम असेल तर असू दे. वडील अजून आहेत. विचारून घ्यायचं असेल तर रीतसर या, बोलतील.

आकडेमोड

मेमो वाचला. वाद घालण्यासाठी विचारत नाही, समजून घ्यायचं आहे. मनात एक कल्पना धरून तिला पोषक माणसंच शोधत गेलात, तर ती खरी ठरणारच. यावर तुमच्याकडे चाप काय?

जुनी_वही

योग्य प्रश्न. चाप असा की मेमोत लिहिलेली निवड कल्पना मोडू शकेल अशी असली पाहिजे. वरच्या मेमोत तसं आहे: कन्नड वाचणारा एकटाच सही करून मोकळा होत असेल, तर ‘अंगावर घेणे’ कोसळतं. तिथेच त्या चालल्यात. याउलट ‘एजंटाकडे जाणारे आणखी दहा वृद्ध’ असं लिहिलं असतं तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू होता. मेमोंवर तारखा असाव्यात त्याचंही कारण हेच. कल्पना आधी होती की माणूस भेटल्यावर सुचली, हे नंतर बघता येतं.

निपाणी_सिस्टर

समितीच्या यादीचं कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे एका सीनियरने असं केलं होतं: अर्जात सुरुवातीच्या गटाचं पक्कं वर्णन, कमाल संख्या, आणि पुढे कुठल्या कुठल्या प्रकारच्या माणसांना भेटण्याची शक्यता आहे त्यांची यादी. एजंट, बाँड रायटर, कर्मचारी, सगळे आधीच लिहून ठेवायचे. नवाच प्रकार निघाला तर दुरुस्तीचा अर्ज. संमतिपत्रात ‘पुन्हा भेटायला येऊ शकते’ हे वाक्य आधीच असू दे, नाहीतर जुन्या माणसाकडे परत जाताना अडतं.

मलप्रभाकाठ

सिस्टर, तसाच अर्ज केला, मंजूर झाला. मधल्या काळात मुलाखती झाल्या. सांगते.

कन्नड घरातले एक शेतकरी, हुक्केरीकडचे. शिकलेले, कन्नड वर्तमानपत्र रोज वाचणारे. मुलाखत कन्नडमध्ये झाली, मराठीत सांगते. वारसाची नोटीस त्यांनी स्वतः वाचली, तरी बाँड रायटरकडे गेले. म्हणाले, वाचता येतंय, पण उद्या काही निघालं तर मी एकटाच अडकतो. नोटिशीत कायद्याची कलमं होती, अक्षर कळलं तरी पुढे काय होणार ते कळत नव्हतं. म्हणजे ‘अंगावर घेणे’ टिकलं.

मराठी घरातली एक शिक्षिका, कन्नड उत्तम. तीही एजंटाकडे गेली.

वीजबिल, घरपट्टी, इथे कोणीही सोबत नेत नाही. वाचूनही घेत नाहीत. आकडा बघतात आणि भरतात.

पण एक गोष्ट मी शोधत नव्हते, ती सापडली. हुक्केरीचे गृहस्थ बाँड रायटरने लिहिलेला अर्ज घरी आणून रात्री वाचत बसले. एका सर्व्हे नंबरात आकडा चुकला होता, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतला. शिक्षिकेनेही तिथेच उभ्या उभ्या वाचून बघितला. नंदगडच्या आजोबांना मी परत जाऊन विचारलं, एजंटाने काय लिहिलं ते बघितलंत का? ते म्हणाले, “बघून काय करायचं? दिला की झालं.”

म्हणजे सोपवतात सगळेच. सोपवल्यानंतर पडताळून बघण्याची सोय सगळ्यांना नाही. या कंगोऱ्याचा वेगळा मेमो केलाय: ‘सोपवल्यावर पडताळणे’.

खानापूरची_माती

हे मात्र मला पटलं. आमच्या आईचं तेच झालं होतं. तिने कागद दिला होता एकाकडे. त्याने काय केलं ते तिला कळायला मार्गच नव्हता. तरी मी म्हणेन, ‘कंगोरा’ म्हणून भाषा कोपऱ्यात बसवू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी तीच मुख्य गोष्ट आहे.

चिकोडी_रोड

माझ्या मते आता ‘भाषा’ हे कारण, ‘सोपवणे’ ही कृती, ‘नुकसान’ हा परिणाम, असं चौकटीत बसवून टाकावं. स्ट्रॉस आणि कॉर्बिनची तशी चौकट आहेच. आकृती चांगली दिसते.

जुनी_वही

चौकट आहे, आणि काहींना तिचा उपयोग होतो. ग्लेझरचा तिच्यावर आक्षेपच हा होता की डेटा तिच्यात कोंबला जातो. माझं मत ग्लेझरच्या बाजूचं आहे, पण हा वाद मिटलेला नाही आणि तुमच्या गाईडचं मत वेगळं असू शकतं. इथे मात्र धोका स्पष्ट दिसतो. ‘भाषा’ कारणाच्या खणात टाकली की हुक्केरीचे गृहस्थ चौकटीबाहेर पडतात, कारण भाषा येत असूनही त्यांनी सोपवलं. भाषेमुळे सोपवतात असं तुमचा डेटा म्हणत नाही. सोपवल्यावर पडताळता येतं की नाही हे भाषेवर ठरतं, एवढं म्हणतो.

खानापूरची_माती, तुमचा आग्रह मी हलका समजत नाही. ‘पडताळणे’ हीच मुख्य कॅटेगरी होऊ शकते, ‘सोपवणे’ नव्हे. ते आत्ता ठरवायची गरज नाही. मलप्रभाकाठ, सगळे मेमो छापून घ्या आणि जमिनीवर पसरून लावून बघा. जो मेमो इतर सगळ्यांना जोडताना सारखा हातात येतो, तो कदाचित तुमचा मुख्य.

आता एक विचारतो. नातू परत आणा. आजोबांनी एजंटाचा कागद नातवाला का दाखवला नाही? तो वाचतो फाडफाड. पडताळण्याची सोय घरातच होती.

मलप्रभाकाठ

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नातवाला आधी दाखवलं, नंतर नाही. क्रम उलटा असता तर सोय झाली असती. एजंटावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून? की मुलाला जमिनीचं भांडण कळू नये म्हणून? आजोबांकडे परत जायला हवं, आणि जिथे नातवंडांना नंतर दाखवतात अशी घरं शोधायला हवीत. मेमो लिहिते.

शहापूर_पेठ

एक सुचवतो, उपयोग नसेल तर सोडून द्या. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. आमच्याकडे कन्नड घरांतले लोक जुने मराठी कागद घेऊन यायचे, काही मोडीतले. वाटणीचे, गहाणाचे. त्यांना ते वाचता यायचे नाहीत. तिथे सगळं उलटं आहे, कन्नड माणूस आणि मराठी कागद. वडील म्हणतात, ती माणसं कागद लिहून झाला तरी उठायची नाहीत. पुन्हा वाचा, पुन्हा वाचा करायची.

जुनी_वही

ही तुलना तुम्हाला कुठल्याही ग्रंथालयात मिळाली नसती. भाषा उलटवली आणि तरी वागणं तेच राहिलं तर एक निष्कर्ष, बदललं तर दुसरा. आणि इथे ते बदललेलं दिसतंय: वाचता न येणारी माणसं पडताळत होती, पुन्हा वाचायला लावून. मग नंदगडचे आजोबा “दिला की झालं” का म्हणाले? आजोबांचा कागद सरकारकडून आलेला, त्याला मुदत. जुनं गहाणखत घरातलंच, घाई नाही. फरक भाषेचा, की मुदतीचा, की दुकानात बसून राहण्याची मुभा कोणाला आहे याचा?

आकडेमोड

अशी मोडी कागदवाली घरं किती असतील? दोन-तीन सापडली तर त्यावर एवढा भार टाकावा का?

जुनी_वही

ती किती आहेत यावर आपण काही म्हणत नाही. एका प्रसंगानेही कॅटेगरीची एक बाजू उघडी पडते. पण तुमची शंका पूर्ण उडवून लावत नाही: एकच घर मिळालं आणि ते सगळ्याच बाबतींत वेगळं निघालं, तर कुठल्या फरकामुळे वागणं बदललं हे सांगता येणार नाही. मुदत नसलेला, पण कन्नडमधला आणि मराठी माणसाच्या घरातला, असाही कागद लागेल.

मलप्रभाकाठ

मराठी घरांतली जुनी कन्नड खरेदीखतं. मुदत नाही, घाई नाही, वाचता येत नाही. बिडीकडे अशा एका घराची ओळख निघते आहे. शहापूर_पेठ, तुमच्या वडिलांना भेटायला संमतिपत्र घेऊन येते, मोडी कागदवाल्या कोणा घराशी ते गाठ घालून देतील का तेही विचारेन. त्याआधी आजोबांकडे जाते, नातवाचं विचारायला.

खानापूरची_माती

आईशी बोलायचं असेल तर तीही तयार आहे. मुदत गेलेला कागद तिने अजून ठेवलाय.